सहअपराध्याची साक्ष

दिल्लीच्या लाल किल्ल्यात महात्मा गांधींच्या खुनाचा खटला ज्या विशेष न्यायालयापुढे चालला, त्या न्यायालयात १९४८ च्या जुलै महिन्यातील अखेरचे दहा-अकरा दिवस जो साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून जबानी देत होता, तो महिन्याभरापूर्वीपर्यंत स्वतःच त्या खटल्यातील आरोपी होता. दिगंबर रामचंद्र बडगे हे त्याचे नाव. पुण्यात तो ‘शस्त्रभांडार’ नावाचे दुकान चालवीत असे. वरकरणी सुरे, खंजीर, वाघनखे अशा परवाना न लागणाऱ्या वस्तूंचा व्यापार, आणि आतून, ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी, काडतुसे, हातबॉम्ब व पिस्तुले यांचा. नथुराम गोडसे व नारायण आपटे यांना स्फोटके त्यानेच पुरवली होती, त्या कामासाठी तोही दिल्लीस गेला होता, आणि २० जानेवारी रोजी बिर्ला भवनात जो पहिला प्रयत्न फसला त्यात त्याच्याकडे नेमून दिलेले काम होते. असा हा मनुष्य सरकार पक्षाच्या सर्व साक्षीदारांत सर्वांत महत्त्वाचा ठरला, आणि त्याच्या साक्षीच्या बळावर काही आरोपींना शिक्षा झाल्या, तर त्याच साक्षीतील एक भाग, साक्षीदार खोटा आहे असे न म्हणताही, न्यायाधीशांनी बाजूस ठेवला. हे कसे घडले ते नीट उलगडून पाहिले, तर माफीच्या साक्षीदाराविषयीचा आपल्याकडील कायदा जवळजवळ सगळा हाती लागतो.

प्रथम त्या कायद्याची मांडणी पाहू, कारण ती काहीशी चमत्कारिक आहे. १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्यात या विषयावर दोन तरतुदी होत्या आणि त्या एकमेकींपासून बऱ्याच दूर अंतरावर होत्या. १३३ वे कलम सांगे की, सहअपराधी हा आरोपीविरुद्ध साक्ष देण्यास पात्र असून, केवळ त्याच्या एकट्याच्या, पुष्टी न मिळालेल्या साक्षीवर आरोपीस दोषी ठरवले एवढ्याच कारणाने तो निर्णय बेकायदा होत नाही. उलट ११४ व्या कलमाखालील ‘ब’ हे उदाहरण न्यायालयास असे गृहीत धरण्याची मुभा देई की, महत्त्वाच्या तपशिलांबाबत पुष्टी मिळाल्यावाचून सहअपराधी हा विश्वासास पात्र नाही. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, असे प्रथमदर्शनी वाटते खरे. परंतु न्यायालयांनी पाऊणशेहून अधिक वर्षांच्या वहिवाटीने या दोहोंचा मेळ असा घातला की, पहिले कलम न्यायाधीशाला अधिकार देते आणि दुसरे तो अधिकार वापरताना बाळगावयाचा विवेक शिकवते. म्हणजे पुष्टीवाचून शिक्षा देणे बेकायदा नव्हे. पण ते असुरक्षित आहे, आणि ज्या न्यायाधीशाला तसे करावयाचे असेल त्याने हा धोका आपल्या ध्यानात होता हे निकालपत्रात लिहून ठेवले पाहिजे, हा नियम हळूहळू इतका दृढ झाला की त्याला कायद्याचेच बळ आले.

हा धोका नेमका कोणता, याविषयी सर्वसामान्य समजूत फार ढोबळ आहे. जो मनुष्य स्वतः गुन्ह्यात होता, ज्याने स्वतःचा गळा सोडवण्यासाठी सोबत्यांचा विश्वासघात केला, त्याच्या तोंडचे काय खरे मानावे, असे लोक म्हणतात, आणि ते चूक नाही. तथापि तेवढेच असते तर अडचण फारशी नव्हती, कारण सर्वस्वी खोटे बोलणारा साक्षीदार उलटतपासणीत बहुधा टिकत नाही. खरी मेख वेगळीच आहे आणि ती सर्वांत स्पष्टपणे दाखवली ती १९४९ साली प्रिव्ही कौन्सिलने भुबनी साहू याच्या अपिलात. तो निकाल लिहिणारे सर जॉन ब्यूमाँट हे पूर्वी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते, त्यामुळे येथील फौजदारी कामाची नस त्यांना पुरती ठाऊक होती. त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा की, सहअपराध्याने सांगितलेली हकिकत स्थूलमानाने खरीच असते आणि भय तेथेच असते. खून झाला हे खरे, तो कोठे, कसा, कोणत्या हत्याराने झाला तेही खरे, प्रेत कोठे टाकले तेही खरे. कारण सांगणारा स्वतः तेथे होता. अशा खऱ्या हकिकतीच्या पोटात एखादे खोटे नाव बेमालूम मिसळून देणे त्याला अगदी सोपे असते. आपल्या भावाच्या जागी शेजाऱ्याचे नाव घालावयाचे, मित्राला वगळून वैऱ्याला गोवावयाचे. बाकी एक अक्षरही बदलण्याची गरज नाही. उलटतपासणी करणारा वकील स्थळ, काळ, हत्यार यांवरून त्याला कितीही छेडो, तो डगमगणार नाही, कारण त्या बाबतींत तो सत्यच सांगत असतो.

यावरून पुष्टी कशाची हवी याचे उत्तर आपोआप निघते. गुन्हा घडला एवढ्याला पुष्टी मिळून उपयोग नाही. तो अमुक आरोपीने केला, किंवा त्यात त्याचा हात होता, याला पुष्टी हवी. विलायतेत १९१६ साली बास्करव्हिल खटल्यात लॉर्ड रीडिंग यांनी हाच निकष घालून दिला होता: पुष्टी देणारा पुरावा स्वतंत्र असावा, आणि त्याने आरोपीचा गुन्ह्याशी संबंध जोडावा, निदान जोडू पाहावा. माफीच्या साक्षीदाराने पोलिसांना रानात नेऊन पुरलेले प्रेत काढून दिले, तर सामान्य माणसाला वाटते, यापरता पुरावा तो कोणता! परंतु त्यावरून सिद्ध होते ते एवढेच की, प्रेत पुरताना तो स्वतः हजर होता. त्याच्यासोबत आणखी कोण होते, याविषयी ती जमीन मुकीच राहते. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात कर्नल स्लीमन यांनी ठगांचा जो बंदोबस्त केला, तो जवळजवळ सगळा माफी दिलेल्या ठगांच्या जबान्यांवर उभा होता. फिरंगिया नावाच्या नामांकित ठगाने १८३० च्या सुमारास पकडला गेल्यावर पुष्कळ सोबत्यांची नावे सांगितली, आणि अशा साक्षीदारांनी दाखवलेल्या आमरायांतून वाटसरूंची हाडे निघाली. हाडांनी ठगीचे अस्तित्व निर्विवाद शाबीत केले, पण शिक्षा झालेल्या प्रत्येक इसमाचा त्यात भाग होता की नाही, हा प्रश्न मात्र नावे सांगणाऱ्यांच्या शब्दावरच राहिला, आणि इतिहासकारांत त्याविषयीचा वाद आजही मिटलेला नाही. भुबनी साहूच्या निकालात आणखी एक गोष्ट पक्की झाली: एका सहअपराध्याची साक्ष दुसऱ्या सहअपराध्याच्या साक्षीने किंवा सहआरोपीच्या कबुलीजबाबाने पुष्ट होत नाही. दोघांनाही एकच लोभ आणि एकच भय असल्यावर दोघांचे एकमत होणे हे सत्याचे लक्षण कसे मानावे?

आता लाल किल्ल्याकडे परतू. ३० जानेवारीच्या कृत्याला माफीच्या साक्षीदाराची गरजच नव्हती; नथुरामने गोळ्या झाडल्या त्या भर प्रार्थनासभेत, शेकडो लोकांच्या देखत, आणि त्याने ते नाकारलेही नाही. शिवाय बडगे त्या दिवशी दिल्लीत नव्हताच. २० जानेवारीच्या फसगतीनंतर तो घाबरून पुण्यास निघून आला होता आणि खुनाच्या दुसऱ्याच दिवशी तेथे पकडला गेला. प्रश्न होता तो कटाचा. हे मी एकट्याने केले, कोणाचाही त्यात हात नव्हता, अशी नथुरामची कैफियत होती. तिचा छेद करावयाचा तर १० ते २० जानेवारी या दहा दिवसांत कोण कोणास कोठे भेटले, काय ठरले, कोणी काय आणले, हे आतल्या माणसाकडूनच कळणे शक्य होते. कारण कट हा गुन्हाच असा आहे की त्याला बाहेरचा साक्षीदार सहसा असत नाही. म्हणून जून महिन्यात, या विशेष न्यायालयाला माफी देण्याचा अधिकार एका वटहुकुमाने देण्यात येऊन, बडगे याला माफी देण्यात आली.

त्याची हकिकत थोडक्यात अशी. १० जानेवारीला पुण्यात ‘हिंदुराष्ट्र’ पत्राच्या कचेरीत आपटे यांनी त्याच्याकडे गनकॉटनचे दोन ठोकळे, पाच हातबॉम्ब आणि दोन रिव्हॉल्व्हर मागितले. रिव्हॉल्व्हर आपल्यापाशी नाहीत, बाकीचा माल मुंबईस पोचवतो, असे त्याने कबूल केले. १४ तारखेला आपला नोकर शंकर किस्तय्या याच्यासह तो मुंबईस आला. मालाची पिशवी रात्री भुलेश्वरच्या दीक्षितजी महाराजांच्या वाड्यात ठेवण्यात आली. दुसऱ्या दिवशी तेथेच ती उघडून मालाची पाहणी झाली. १७ ला गोडसे व आपटे खोट्या नावांनी विमानाने, तर तो व शंकर आगगाडीने दिल्लीस गेले. २० च्या सकाळी हिंदुमहासभा भवनाच्या मागील रानात रिव्हॉल्व्हर झाडून पाहिले, दुपारी मरीना हॉटेलातील खोलीत बॉम्ब सज्ज केले आणि प्रत्येकाला काम वाटून दिले. बडगेने प्रार्थनेच्या चौथऱ्यामागील नोकराच्या खोलीत शिरून जाळीतून गोळी झाडावयाची होती. परंतु त्या खोलीच्या दाराशी बसलेली माणसे पाहताच, आत शिरलो तर बाहेर पडता येणार नाही, अशी त्याची खात्री झाली आणि त्याने कच खाल्ली. रिव्हॉल्व्हर टॅक्सीतल्या पिशवीत टाकून तो मोकळ्या हातांनी सभेत गेला. सहआरोपी मदनलाल पाहवा याने गनकॉटनचा ठोकळा उडवला, पण पुढचे काही झालेच नाही.

ही हकिकत ऐकताना न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे दोन निरनिराळे प्रश्न होते, आणि त्यांतला पहिला साक्षीदाराच्या व्यक्तित्वाचा होता. त्यांनी निकालपत्रात नमूद केले की बडगेने आपली हकिकत सरळपणे सांगितली, उलटतपासणीतील प्रश्न टाळण्याचा किंवा फाटे फोडण्याचा प्रयत्न केला नाही, आणि जे घडलेच नाही त्याविषयी इतक्या प्रदीर्घ उलटतपासणीस तोंड देणे कोणालाही शक्य झाले नसते. या पहिल्या प्रश्नाचे महत्त्व पुढे १९५७ साली सुप्रीम कोर्टाने सरवणसिंग खटल्यात अधोरेखित केले. न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या त्या निकालानुसार माफीच्या साक्षीदाराला दुहेरी कसोटी लागते: आधी इतर कोणत्याही साक्षीदाराप्रमाणे तो मुळात विश्वसनीय ठरला पाहिजे, आणि मगच पुष्टीचा शोध घ्यावयाचा. खालच्या न्यायालयांची चूक अशी होत असे की, साक्षीदार खरा की खोटा याचा निर्णय न करताच ती पुष्टीच्या मागे लागत. पण जो मुळातच खोटा ठरतो त्याला पुष्टी देऊन खरे करता येत नाही. व्यवहारात या दोन कसोट्या अगदी वेगळ्या कप्प्यांत राहत नाहीत हे खरे आहे, कारण साक्षीदार खरा वाटतो तो पुष्कळ अंशी इतर पुराव्याशी त्याचे जमते म्हणूनच. परंतु क्रम ध्यानात ठेवणे अगत्याचे.

दुसरा प्रश्न पुष्टीचा, आणि येथे न्यायाधीशांनी जी रीत अवलंबली ती आरोपी एकेक घेऊन तपासण्याची. पुण्यातल्या १० तारखेच्या भेटीचा साक्षीदार बडगे एकटा. पण मुंबईत दीक्षितजी महाराजांनी पिशवीतला माल पाहिल्याचे सांगितले, आणि ते काही सहअपराधी नव्हते. विमानाची तिकिटे ‘करमरकर’ व ‘मराठे’ या नावांनी काढली गेल्याचे कंपनीच्या दप्तरावरून सिद्ध झाले. मरीना हॉटेलच्या नोंदवहीत दोघे ‘देशपांडे’ उतरले होते, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या धुलाईच्या कपड्यांवर ‘एन. व्ही. जी.’ ही नथुराम विनायक गोडसे या नावाची आद्याक्षरे होती. रानातल्या झाडांत गोळ्यांच्या खुणा आढळल्या. टॅक्सीवाला सुरजितसिंग याने आपल्या हिरव्या मोटारीतून कोणाला बिर्ला भवनात नेले आणि स्फोट होताच कोण घाईघाईने परत येऊन बसले हे सांगून आरोपी ओळखले. आरोपी गोपाळ गोडसे खडकीच्या लष्करी भांडारात नोकरीस होता. त्याने नेमकी त्याच दिवसांत रजा घेतल्याची नोंद कचेरीच्या कागदांत होती. एकटी रजा म्हणजे काहीच नव्हे, शेकडो कारकून जानेवारीत रजा घेतात. परंतु इतर साक्षीपुराव्याशी जोडून पाहता, ज्या दिवशी बडगेने त्याला दिल्लीत पाहिल्याचे सांगितले त्या दिवशी तो पुण्यात कामावर नव्हता, एवढा दुवा ती जोडते. पुष्टी अशीच असते. तिने सगळी गोष्ट पुन्हा सांगावयाची नसते; तसे असते तर माफी देण्याची गरजच उरली नसती. तिने त्या त्या आरोपीपुरता एक स्वतंत्र धागा आणून द्यावयाचा असतो.

आणि जेथे तो धागा मिळत नाही तेथे काय करावयाचे? आरोपींपैकी सावरकरांच्या बाबतीत हा प्रश्न अत्यंत तीव्रतेने उभा राहिला. बडगेची साक्ष अशी होती की, १४ जानेवारीला गोडसे व आपटे पिशवीसह सावरकर सदनात जाऊन आले. १५ ला आपटे यांनी त्याला सांगितले की, ही कामगिरी तात्यारावांनी आपल्यावर सोपवली आहे. आणि १७ ला सकाळी ते तिघे व शंकर टॅक्सीने पुन्हा तेथे गेले. शंकर बाहेरच राहिला, बडगे तळमजल्यावरील खोलीत बसला, गोडसे व आपटे वर गेले आणि पाच-दहा मिनिटांनी उतरले, तेव्हा पाठोपाठ आलेले सावरकर ‘यशस्वी होऊन या’ असे म्हणाले. या हकिकतीतील प्रत्येक पायरी वजन करून पाहण्याजोगी आहे. १४ तारखेच्या भेटीस बाहेरचा साक्षीदार होता: पुण्याहून मुंबईस येताना गाडीत भेटलेल्या एका अभिनेत्रीने त्या दोघांना शिवाजी पार्कला सावरकर सदनाजवळ मोटारीतून सोडल्याचे सांगितले. १७ तारखेस टॅक्सीवाला ऐतप्पा कोटियन होता. त्याने शिवाजी पार्कला मंडळी उतरून एका घराकडे गेल्याचे आणि थोड्याच वेळात परतल्याचे सांगितले. म्हणजे बडगेने सांगितल्याप्रमाणे फेऱ्या झाल्या, हे पुष्ट झाले. पण या दोन्ही साक्षी घराच्या दारापाशीच थांबतात. त्या घरात खाली भिडे व सावरकरांचे चिटणीस दामले हेही राहत. गोडसे व आपटे त्यांच्याकडे गेले नाहीत, वर सावरकरांकडेच गेले, हे सांगणारा बडगे एकटा. उतरताना उच्चारलेले ते शब्द ऐकणारा बडगे एकटा. आणि ‘तात्यारावांनी सोपवले’ हे तर बडगेनेही सावरकरांच्या तोंडून ऐकले नव्हते, आपटे यांच्या तोंडून ऐकले होते. सावरकरांच्या बचावाचा एक मुद्दा हाच होता की, बडगेला ओढून घेण्यासाठी आपटे यांनी सावरकरांच्या नावाचा खोटा हवाला दिला नसेल कशावरून?

न्यायाधीशांनी आपला निष्कर्ष असा नोंदवला की, सावरकरांविरुद्ध सरकार पक्षाची बाजू माफीच्या साक्षीदारावर, आणि केवळ त्याच्यावरच, उभी आहे, आणि अशा पुराव्यावर निष्कर्ष उभारणे असुरक्षित ठरेल. १० फेब्रुवारी १९४९ रोजी सावरकर निर्दोष सुटले. त्या निर्णयावर सरकारने अपील केले नाही. ज्या साक्षीदाराच्या सचोटीची न्यायाधीशांनी प्रशंसा केली, त्याच्याच साक्षीचा एक भाग त्यांनी स्वीकारला नाही, यात विसंगती आहे असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला तशी विसंगती दिसत नाही. साक्षीदार खरा वाटणे ही न्यायाधीशाच्या मनाची अवस्था आहे. पुष्टीचा नियम हा त्या मनावरच घातलेला लगाम आहे, आणि तो उपयोगी पडावयाचा तर साक्षीदार खरा वाटत असतानाच तो खेचला गेला पाहिजे. जेथे साक्षीदार उघडच लबाड आहे तेथे नियमाची गरज कोणाला?

या प्रकरणाला पुढे एक पुरवणी जोडली गेली. कटाची माहिती आधी कोणास होती याची चौकशी करण्यासाठी १९६६ साली न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा आयोग नेमला गेला, आणि १९६९ च्या त्यांच्या अहवालात सावरकरांचे अंगरक्षक आप्पा कासार व चिटणीस दामले यांनी मार्च १९४८ मध्ये मुंबई पोलिसांपुढे दिलेल्या जबान्यांचा उल्लेख आला. त्यांत गोडसे व आपटे जानेवारीत सावरकरांना भेटल्याचे म्हटले होते. हे दोघे लाल किल्ल्यात साक्षीस आलेच नाहीत. ते आले असते तर उलटतपासणीत काय टिकले असते, त्या भेटींवरून संभाषणाविषयी काय अनुमान निघाले असते, याची चर्चा राजकारणाच्या अंगाने पुष्कळ झाली आहे आणि तिच्यात मला शिरावयाचे नाही. आपल्या विषयापुरता मुद्दा असा की, पोलिसांच्या दप्तरात पडून राहिलेली जबानी ही पुष्टी नव्हे. पोलिसांपुढील निवेदन फौजदारी न्यायालयात स्वतंत्र पुरावा म्हणून वाचताच येत नाही. बोलणारा पिंजऱ्यात येऊन शपथेवर बोलावा लागतो आणि आरोपीच्या वकिलाला त्याला प्रश्न विचारता यावे लागतात. चौकशी आयोग आणि फौजदारी न्यायालय यांची तराजूच निराळी आहे.

माफी कशी दिली जाते, याची रीतही जाणून घेण्यासारखी आहे, कारण खटले जे कोसळतात ते पुष्कळदा येथेच. १९७३ च्या फौजदारी संहितेचे ३०६ वे कलम, आणि आता २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३४३ वे कलम, यांनुसार केवळ सत्र न्यायालयात चालणारा, किंवा सात वर्षांपर्यंत वा त्याहून अधिक कैदेची शिक्षा असलेला गुन्हा असेल तरच माफी देता येते, आणि ती न्यायदंडाधिकारी देतो. खटला सत्र न्यायालयाकडे सोपवला गेल्यावर ते न्यायालय देते. पोलिसांना स्वतःच्या अखत्यारीत माफी देता येत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. माफी सशर्त असते: गुन्ह्याविषयी आणि त्यात सामील असलेल्या प्रत्येक इसमाविषयी आपणास ज्ञात असलेले सर्व, काहीही न लपवता, खरे सांगितले पाहिजे. स्वतःचा भाग वगळून इतरांचा सांगणारा साक्षीदार म्हणून फारसा उपयोगी नसतो. न्यायालये त्याच्याकडे विशेष संशयाने पाहतात, कारण ज्याने आपल्याला गुन्ह्यात गोवूनच घेतले नाही त्याच्या शब्दाला तारण काय? माफी का दिली याची कारणे लिहून ठेवावी लागतात. माफी स्वीकारणाऱ्याची साक्ष आधी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आणि मग मुख्य खटल्यात अशी दोनदा होते, म्हणजे दोन जबान्यांतील फरक बचाव पक्षाच्या हाती येतो. आणि तो आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला अटकेतच राहावे लागते. माफी म्हणजे त्याच दिवशी घरी जाण्याचा परवाना नव्हे.

शर्त मोडली तर? साक्षीदाराने जाणूनबुजून महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा खोटी साक्ष दिली, असा दाखला सरकारी वकिलाने दिल्यास त्याच्यावर मूळ गुन्ह्याबद्दल खटला भरता येतो. मात्र इतर आरोपींबरोबर एकत्र नव्हे, स्वतंत्रपणे, आणि त्यात आपण शर्त पाळली असा बचाव करण्याचा त्याला हक्क असतो. खोट्या साक्षीबद्दल म्हणून खटला भरावयाचा तर हायकोर्टाची मंजुरी लागते. या तरतुदीत एक छुपे संकट आहे. माफी टिकवण्याची किल्ली सरकारी वकिलाच्या हाती आहे, हे साक्षीदाराला पुरते कळलेले असते, आणि पहिल्या जबानीत पोलिसांच्या दडपणाने एखादे नाव खोटे घातले गेले असेल, तर पुढे ते मागे घेण्याचा मार्ग त्याला जवळजवळ बंद असतो: खरे बोलावे तर दाखला येईल, आणि दाखला म्हणजे कदाचित फाशी. म्हणूनच अटकेनंतर किती दिवसांनी, कोणाच्या ताब्यात असताना, कोणत्या टप्प्यावर ते नाव त्याच्या तोंडून प्रथम निघाले, याची छाननी जाणते वकील सर्वांत आधी करतात. उशिरा उगवलेले नाव हे संशयाचे पहिले चिन्ह.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने १३३ व्या कलमाच्या जागी १३८ वे कलम आणले, आणि ते असे सांगते की, सहअपराध्याच्या पुष्टी मिळालेल्या साक्षीवर आधारलेला दोषनिर्णय बेकायदा नाही. जुन्या मजकुरात पुष्टी न मिळालेल्या साक्षीचा निर्देश होता. न्यायाधीशांनी विवेकाने पाळलेला नियम आता कलमाच्या शब्दांत आला, असे यावरून वाटते. पुष्टीवाचूनची शिक्षा आता सरसकट बेकायदाच मानावयाची का, हे न्यायालयांना ठरवावे लागेल. अविश्वासाचे ते जुने उदाहरण मात्र नव्या अधिनियमातही, ११९ व्या कलमाखाली, कायम आहे.

माफीविषयी एक प्रश्न उरतो, आणि तो पुराव्याचा नव्हे, न्यायाचा आहे: माफी द्यावयाची कोणाला? ज्याचा अपराध सर्वांत लहान त्याला द्यावी, असे नीती सांगेल. परंतु ज्याचा अपराध लहान त्याला माहितीही बेताचीच असते, आणि सरकार पक्षाला हवी असते माहिती. लाल किल्ल्यातील खटल्यात स्फोटके मिळवणारा, ती विकणारा, मुंबईस नेणारा बडगे माफी मिळून खटल्याअखेर मोकळा झाला. त्याचा नोकर शंकर किस्तय्या, जो मालकाने सांगितले तेथे पिशवी उचलून नेत असे आणि ज्याला या मसलतीतले काय नि किती कळले होते हाच प्रश्न होता, त्याला मात्र जन्मठेप झाली. ती सात वर्षांवर आणावी अशी शिफारस न्यायाधीशांनी स्वतःच केली. शंकरपाशी देण्याजोगी माहिती नव्हती, म्हणून त्याला माफी देऊ करण्याचा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारणही नव्हते. सिमल्यास भरलेल्या पंजाब हायकोर्टात न्यायमूर्ती भंडारी, अच्छरूराम व खोसला यांच्यापुढे अपील चालले, आणि जून १९४९ मध्ये त्यांनी सहआरोपी डॉ. परचुरे यांच्याबरोबर शंकरलाही निर्दोष ठरवून सोडले. मालकाच्या हुकमाप्रमाणे वागणाऱ्या या नोकराला कटाची जाणीव होती, हे शाबीत झाले नाही, असे त्यांचे मत पडले. तोवर त्याच्या कैदेला सोळा महिने उलटून गेले होते.